उसाची पाळी टँकरात मोजूया

सन्माननीय सरपंच, पाणीपुरवठा संस्थेचे पदाधिकारी आणि शेतकरी बंधू-भगिनींनो,

शिरोळ तालुक्याला पंचगंगा आणि कृष्णेचा काठ लाभल्यामुळे पाणी कमी पडेल, अशी भीती आपल्याला सहसा वाटत नाही. म्हणूनच आज मी फक्त उसाच्या एका पाळीचा हिशोब मांडणार आहे.

एका गुंठ्यात एक मिलिमीटर पाणी भरले, तर ते सुमारे शंभर लिटर होते. म्हणजे एकरात चार हजार लिटर. एप्रिलच्या उन्हात वाढीचा ऊस दिवसाला साधारण सहा मिलिमीटर पाणी घेतो, असे धरल्यास एकराला रोज २४,००० लिटर लागतात. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजल्यास हे जवळजवळ अडीच टँकर झाले आणि दहा दिवसांच्या फेराला २४ टँकर.

आता मोटारीकडे पाहू. शेतात पाणी पडते तिथे पाइपखाली २०० लिटरचे बॅरल ठेवा आणि ते किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहा. वीस सेकंद लागले, तर तासाला ३६,००० लिटर पाणी येते, म्हणजे एकराची पाळी पावणेसात तासांत पुरी होते. आपण मात्र रात्रीची वीज आली की मोटार सुरू करून घरी येतो आणि ती दहा तास चालते. जादा गेलेले बारा टँकर उसाला मिळत नाहीत, ते मुळांच्या खाली उतरतात. माणशी ५५ लिटर धरले, तर तेवढ्या पाण्यावर पाच जणांच्या घराचे वर्षभराहून अधिक भागते. हे झाले एका एकराचे आणि एकाच पाळीचे.

खाली उतरलेले हे पाणी भूजलाची पातळी वर आणते, त्याबरोबर क्षारही वर येतात आणि पाणी उडून गेल्यावर ते मातीवर पांढरे पडतात. या तालुक्यातील क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

पाळी केव्हा द्यायची, हे कॅलेंडरवर ठरवू नका. वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा टिकला तर अजून थांबता येते. तो फुटून भुगा झाला तर पाणी द्या. भारी काळ्या जमिनीत हा ओलावा अधिक काळ टिकतो, म्हणून शेजाऱ्याने पाणी सोडले की आपणही सोडायचे, ही सवय इथे सर्वांत महागात पडते.

खोडव्यात पाचट पेटवू नका, सरीत पसरा. त्यामुळे माती झाकलेली राहते आणि उन्हाने उडणारे पाणी कमी होते. पाण्याची ओढ असेल तेव्हा एक आड एक सरी भिजवावी आणि पुढच्या पाळीला उरलेल्या सऱ्या घ्याव्यात. ठिबक बसवलेल्यांनीही संच रात्रभर चालू ठेवू नये, कारण अडीच टँकरांची गरज तिथेही अडीच टँकरांचीच असते.

पुढच्या पाळीला प्रत्येकाने बॅरल भरण्याचे सेकंद आणि मोटारीचे तास वहीत लिहून आणावेत. संस्थेच्या बैठकीत आपण ते एकत्र पाहू.