सोबत सामना पाहताना: शेजारच्या खुर्चीवरून येणाऱ्या आरोळ्यांचा अर्थ

लेस्टरला मुलांकडे आलेले आपले ज्येष्ठ आणि इथली इंग्रज मंडळी यंदा हॉलमध्ये एकाच पडद्यासमोर बसून भारत-इंग्लंड कसोटी पाहणार आहेत, म्हणून तिथे सतत कानांवर पडणाऱ्या आरोळ्या मराठीत देत आहोत.

‘वेल प्लेड’ म्हणजे ‘छान खेळलास!’ किंवा ‘मस्त खेळला!’ ही दाद केवळ चौकारासाठी नसते. २०२५ च्या लॉर्ड्स कसोटीत रवींद्र जडेजा १८१ चेंडूंत ६१ धावा करून नाबाद राहिला आणि भारत २२ धावांनी हरला, तरी त्या खेळीला हीच दाद शोभते. खेळाडू प्रतिस्पर्धी संघाचा असला तरी ती मोकळेपणाने द्यावी, कारण शेजारीही आपल्या खेळाडूंना ती देतात. यष्टीबाहेरचा चेंडू फलंदाजाने सोडला की ‘वेल लेफ्ट’ ऐकू येते. आपण ‘छान सोडला!’ म्हणावे.

‘कम ऑन’चा अर्थ सुरावर ठरतो. गोलंदाज धावत येत असताना टाळ्यांसह म्हटले, तर ते ‘चला रे, चला! अजून एक विकेट!’ असते. फलंदाजाला उद्देशून असेल, तर ‘टिकून राहा रे!’ म्हणावे. मात्र हातातला झेल सुटल्यावर तेच शब्द लांबवून, मान हलवत आले, तर त्यांचा अर्थ ‘अरे, काय हे!’ असा होतो, आणि तेव्हा टाळ्या वाजवल्यास शेजाऱ्याचा गैरसमज होईल.

‘अनलकी’ ही आरोळी सर्वांत जपून समजून घ्यावी, कारण तिच्यात टोमणा नसून सहानुभूती असते. त्याच लॉर्ड्स कसोटीत मोहम्मद सिराजने शोएब बशीरचा चेंडू बॅटच्या मधोमध घेऊन अडवला, पण तो जमिनीवर पडून मागे फिरला आणि यष्टींवर जाऊन बेल पाडून गेला; ‘अरेरे, नशीबच फिरलं!’ हे उद्गार अशाच प्रसंगासाठी आहेत. चेंडू बॅटची कड जेमतेम चुकवून गेला, तर गोलंदाजासाठी ‘थोडक्यात हुकला रे!’ म्हणावे. त्याच क्षणी फलंदाजाच्या बाजूचे ‘वाचला!’ म्हणून सुस्कारा टाकतील, आणि दोन्ही उद्गार एका रांगेत ऐकू आले तरी कोणी मनाला लावून घेऊ नये.

त्याच मालिकेतल्या ओव्हलच्या पाचव्या कसोटीत इंग्लंडचा ख्रिस वोक्स निखळलेल्या खांद्याचा हात गळ्यात बांधून फलंदाजीला उतरला, तेव्हा मैदानभर टाळ्या वाजल्या. अशा वेळी ‘शाब्बास रे गड्या!’ म्हणत आपणही उभे राहून टाळ्या वाजवाव्यात, मग सामना त्या कसोटीसारखा केवळ ६ धावांनी निकाली लागणारा का असेना.

सामना संपल्यावर हरलेल्या बाजूला ‘हार्ड लक’ म्हणतात. ते आपल्याला म्हटले गेले, तर हस्तांदोलन करून ‘तुमची मुलंही छान खेळली’ असे उत्तर द्यावे. नातवंडे ते इंग्रजीत सांगतील.