विषय: नाशिकमधील नव्या कॅफेसाठी घाऊक दर, किमान ऑर्डर आणि नमुना पाकिटांबाबत विचारणा

माननीय व्यवस्थापक,
घाऊक विक्री विभाग,

स. न. वि. वि.

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात मी येत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीस आसनांचा कॅफे सुरू करत आहे. अन्न परवाना व जीएसटी नोंदणी झालेली असून, दोन ग्रुपचे एस्प्रेसो मशीन आणि ग्राइंडर पुढील आठवड्यात बसतील. पुण्यातील एका परिचितांच्या कॅफेत आपली कॉफी बरेचदा घेतली आहे. दुधातही तिची चव टिकून राहते, हे विशेष आवडले. आमच्याकडे खपणाऱ्या दहा कपांपैकी आठ कप दुधाचेच असणार, असा माझा अंदाज आहे. त्यामुळे मला मुख्यतः अरेबिका-रोबस्टाचे मध्यम ते गडद भाजणीचे, चिकोरीविरहित एस्प्रेसो ब्लेंड हवे आहे. त्याशिवाय पोअर-ओव्हरसाठी चिकमगळूर किंवा कूर्गकडची एखादी सिंगल इस्टेट अरेबिका थोड्या प्रमाणात लागेल.

खपाचा आकडा फुगवून सांगण्यात अर्थ नाही. सुरुवातीला दिवसाला चाळीस कप धरले आणि प्रत्येक डबल शॉटला १८ ग्रॅम लागतात असे मानले, तर महिन्याला २१ ते २२ किलो बीन्स होतात. रोज सकाळी ग्राइंडर लावताना वाया जाणारे शॉट आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण मिळून ते २४ किलोपर्यंत जाईल. म्हणजे आठवड्याला सहा किलो. सहा महिन्यांनी खप वाढावा अशी इच्छा आहे, पण त्या भरवशावर आज दर मागणार नाही.

या प्रमाणासाठी आपला किलोमागे दर काय पडेल आणि किती किलोनंतर पुढचा टप्पा लागू होतो, हे कळवावे. दर जीएसटीसह आहे की वगळून, तसेच वाहतूक त्यात धरली आहे का, याचाही स्पष्ट उल्लेख असावा. गेल्या काही वर्षांत कच्च्या कॉफीचे भाव ज्या रीतीने चढले, ते पाहता दर वर्षभर बांधून द्या असे मी म्हणणार नाही. मात्र दर बदलण्यापूर्वी किती दिवस आधी कळवता, हे माहीत असले तर मेनूवरील किमती ठरवताना सोयीचे जाईल. किलोमागे शंभर रुपये वाढले तर माझ्या एका कपामागे १ रुपया ८० पैसे वाढतात. तेवढे सोसता येते, अचानकपणा सोसत नाही.

किमान ऑर्डरबाबत माझी अडचण थोडी निराळी आहे. आपली अट प्रत्येक ऑर्डरमागे आहे की महिन्याच्या एकूण मालावर? महिन्याचा माल एकदम घेतल्यास दर कमी पडेल हे मला समजते, परंतु नाशिकचा उन्हाळा आणि आमच्या साठवणीच्या खोलीची जागा पाहता, दर आठवड्याला किंवा फार तर पंधरवड्याला ताजा माल येणे मी पसंत करेन, मग त्यासाठी दर थोडा अधिक पडला तरी चालेल. ब्लेंड आणि सिंगल इस्टेट मिळून किमान वजन धरता येईल का? माल आपल्या कुरिअरने येतो, की पुणे-नाशिक बस पार्सलने पाठवणे शक्य आहे?

आणखी एक बाब. मध्यंतरी एका पुरवठादाराकडून आलेल्या पाकिटांवर केवळ मुदत संपण्याची तारीख होती, भाजणीची तारीख कुठेच नव्हती. शॉट बारा-तेरा सेकंदांत पाण्यासारखा उतरत होता, वर क्रेमा नावालाही नाही. दळण बारीक करत गेलो तेव्हा वेळ साधली, पण चव काही आली नाही. त्यामुळे प्रत्येक पाकिटावर भाजणीची तारीख असावी, ही माझी एकमेव ठाम अट आहे. भाजल्यानंतर किती दिवसांनी आपण माल रवाना करता आणि एस्प्रेसोसाठी किती दिवस मुरू द्यायला सांगता, हेही कृपया लिहावे.

नमुन्यादाखल दोन एस्प्रेसो ब्लेंड प्रत्येकी ५०० ग्रॅम आणि एक सिंगल इस्टेट २५० ग्रॅम, न दळलेले, पाठवावे अशी विनंती आहे. २५० ग्रॅममध्ये जेमतेम तेरा शॉट होतात आणि त्यांतले चार-पाच ग्राइंडर जुळवण्यातच जातात, म्हणून ब्लेंडचे वजन जास्त मागत आहे. नमुन्यांची आणि कुरिअरची रक्कम देण्यास मी तयार आहे. नमुने आपल्या नेहमीच्या विक्रीच्या भाजणीतलेच असावेत, खास वेगळे भाजलेले नकोत. सिंगल इस्टेटचा सध्याचा साठा साधारण कधीपर्यंत पुरेल, तेही कळावे, म्हणजे नवीन पीक बाजारात येईपर्यंत मेनूवर नाव बदलावे लागणार नाही.

पहिल्या तीन ऑर्डरची रक्कम मी आगाऊ देईन. त्यानंतर पंधरा दिवसांची उधारी शक्य असल्यास त्याच्या अटी आणि दरपत्रक याच ईमेलवर पाठवावे. नमुने १० ऑक्टोबरपर्यंत हाती आले, तर चव घेऊन २० ऑक्टोबरच्या आत मी पहिली ऑर्डर निश्चित करू शकेन.

कळावे,

आपली विश्वासू,
अश्विनी जाधव
गंगापूर रोड, नाशिक