४७११ कोलन: उद्यमबागेतल्या उन्हात एक आठवडा

सुगंधातलं मला फारसं कळत नाही. दिवाळीतलं अत्तर आणि एखादा डिओ, एवढीच आजवरची मजल. म्हणून नाकाला जे जाणवलं तेवढंच लिहितो.

झाकण उघडलं की पहिल्यांदा येतो तो लिंबाचा वास. लिंबाच्या सरबताचा म्हणू नका, लिंबाची साल नखानं खरवडली की बोटांना लागतो ना, तो. थोडा कडवट, थोडा तिखट. मागोमाग संत्रं आणि बर्गमॉट. बर्गमॉट हे इटलीच्या दक्षिणेला पिकणारं आंबट फळ, त्याच्या सालीचं तेल काढतात. या पहिल्या पाच-दहा मिनिटांवर मी फिदा आहे. सकाळी आंघोळ करून मानेला आणि हातांना चोपडलं की झोप उडते, चहाची वाट बघावी लागत नाही.

मग लिंबू निघून जातं. सालीतली तेलं फार हलकी, त्वचेच्या उबेनंच उडतात. उरतं ते नेरोली, म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचं तेल, आणि सोबत रोझमेरी व लॅव्हेंडर. हा भाग मला नुकत्याच धुतलेल्या, उन्हात वाळलेल्या सदऱ्यासारखा वाटला. बेळगावच्या वडगावातून स्कूटरवरून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पोचेपर्यंत हाच वास सोबत असतो. मशीन शॉपमध्ये शिरलं की कूलंट आणि कटिंग ऑइलपुढे त्याचं काही चालत नाही, पण ते कुणाचंच चालत नाही.

आता टिकण्याचं. माझ्या अंगावर जेमतेम दोन तास. दहाच्या चहाला मनगट नाकाला लावलं तर साबणासारखी पुसट झुळूक, बस. पहिल्या दिवशी वाटलं, पैसे पाण्यात गेले. मग थोडं वाचलं. कोलनमध्ये सुगंधी तेलाचं प्रमाण साधारण २ ते ५ टक्केच असतं, बाकी मद्यार्क आणि पाणी. ते मुळातच टिकण्यासाठी केलेलं नसतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान मारिया फरिना नावाच्या इटालियन माणसानं जर्मनीतल्या कोलोन शहरात असलं सुगंधी पाणी बनवलं आणि शहराचंच नाव त्याला चिकटलं. माझ्या बाटलीवरचा ४७११ हा त्याच शहरातल्या ग्लॉकनगासे या गल्लीतल्या घराचा जुना नंबर. कंपनी वेगळी, पाण्याची जात तीच.

हे कळल्यावर मी लावायची पद्धत बदलली. अत्तरासारखा एक थेंब कानामागे नको, चांगलं ओंजळभर घ्यायचं. दुपारी तोंड धुऊन पुन्हा मानेला लावायचं. रुमालावर चार थेंब टाकले तर कापडावर वास जास्त वेळ राहतो, जेवणानंतरही येतो. अंग कोरडं असेल तर आधी थोडं खोबरेल लावून बघा, फरक पडतो. फक्त वासाचं खोबरेल नको, दोन्ही वास भांडतात.

घरी मात्र वेगळीच गंमत. पहिल्या सकाळी आईनं स्वयंपाकघरातून हाक दिली, "अरे, ताप आलाय काय तुला?" तिच्या लेखी हा कोलनवॉटरचा, म्हणजे कपाळावरच्या पट्ट्यांचा वास. खुशाल मिरवायला कुणी लावतं हे तिला अजून पटलेलं नाही. ऑफिसातला धारवाडकडचा सहकारी मात्र "छलो ऐति", म्हणजे छान आहे, असं कानडीत म्हणाला आणि स्वतःच्या रुमालावर दोन थेंब मागून घेतले.

वळीव पडला त्या संध्याकाळी हे सगळ्यात चांगलं वाटलं. मातीचा वास, गार वारा आणि वर हे लिंबू. उलट लग्नाला लावून गेलो तर साफ हरवलं. हॉलमध्ये मोगऱ्याचे गजरे, गुलाबपाणी, उदबत्ती. त्यात माझं कोलन आहे की नाही हे मलाच कळेना. तिथे अत्तरच हवं.

दोन गोष्टी सांभाळा. दाढी केल्याकेल्या गालाला लावाल तर डोळ्यांसमोर तारे चमकतील, मद्यार्क आहे शेवटी. आणि बर्गमॉटच्या तेलातले काही घटक उन्हात त्वचेवर काळे डाग पाडू शकतात. हल्ली बहुतेक ठिकाणी ते घटक काढलेलं तेल वापरतात म्हणे, तरी दुपारी बाहेर पडायचं असेल तर मी उघड्या कातडीवर न लावता सदऱ्याच्या आतच लावतो.

मी पुन्हा घेईन. दिवसभर टिकणारं एकच काही हवं असेल तर मात्र तुम्ही घेऊ नका. घ्यायचं ठरलंच तर छोटी बाटली घ्या आणि ती कपाटात ठेवा. माझी खिडकीत होती, आईनं उचलून औषधांच्या डब्यात नेऊन ठेवली. अंधार असतो तिथे, म्हणून मीही काढली नाही.