कारभार आणि देखरेख

गेल्या अहवालात या जागी ‘समित्यांचे काम समाधानकारक’ एवढेच होते. दादरच्या आपल्या ग्रंथालयाच्या सभासदांना त्यातून काहीच कळत नव्हते, म्हणून हा भाग नव्याने लिहिला आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली आपली नोंदणी आहे. अंतिम जबाबदारी ७ विश्वस्तांची. वित्त समिती दर महिन्याला बँकेचे पासबुक खतावणीशी ताडून पाहते. २५,००० रुपयांवरचा खर्च तिच्या लेखी मंजुरीशिवाय होत नाही. खजिनदार बैठकीला बसतात, पण मत देत नाहीत, कारण चेकवर सही त्यांचीच असते. हा नियम आम्ही जपणार आहोत. ग्रंथनिवड समिती पुस्तके सुचवते, बिले मंजूर करत नाही. लेखापरीक्षक थेट विश्वस्तांना अहवाल देतात. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज कार्यवाह दाखल करतात.