न कळवता घरी येण्याबाबत

काका, नमस्कार.

जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका. या महिन्यात तुम्ही चार वेळा न कळवता आलात. मंगळवारी तर बेल न वाजवता तुमच्याकडच्या किल्लीने दार उघडलंत. मी बाळाला पाजत होते. तेव्हापासून दिवसाढवळ्याही आतून कडी लावून बसते. घर तुमचं आहे आणि आम्ही ते जपतोही, पण इथे राहतो तोवर आम्हाला मोकळेपणा हवाच. नळ, भिंतीची ओल, काहीही बघायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, आमच्यापैकी एकजण नक्की थांबेल. पाइप फुटला, आग लागली तर गोष्ट वेगळी. एरवी आम्ही नसताना कृपया दार उघडू नका.

तुमची भाडेकरू,
दुसरा मजला