तोंडी परीक्षेची तयारी: नियंत्रण प्रणालींची स्थिरता

तृतीय वर्ष विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतले आहे: युनिटी निगेटिव्ह फीडबॅक असलेली, `G(s) = K / [s(s+1)(s+2)]` ही मोटरची पोझिशन कंट्रोल प्रणाली. उत्तर देताना आपण ओपन लूपविषयी बोलत आहोत की क्लोज्ड लूपविषयी, हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

प्रश्न: प्रणाली स्थिर आहे म्हणजे काय?

मर्यादित इनपुट दिल्यावर आउटपुटही मर्यादितच राहते, मग ते मर्यादित इनपुट कोणतेही असो, अशा प्रणालीला बीआयबीओ अर्थाने स्थिर म्हणतात. लिनिअर टाइम-इन्व्हेरियंट प्रणालीसाठी याचा अर्थ असा, की ट्रान्सफर फंक्शनचे सर्व पोल s-प्रतलाच्या डाव्या अर्ध्या भागात असले पाहिजेत. झिरो कुठे आहेत याचा त्या ट्रान्सफर फंक्शनच्या स्थिरतेशी संबंध नसतो.

प्रश्न: मग `1/s` हा इंटिग्रेटर स्थिर आहे का?

नाही. त्याचा पोल मूळबिंदूवर असल्याने एक व्होल्टचा साधा स्टेप दिला तरी आउटपुट रॅम्पसारखे वाढतच जाते. प्रयोगशाळेत ऑप-अँपचा इंटिग्रेटर जोडून, कपॅसिटरला समांतर रेझिस्टर न लावता, इनपुट ग्राउंड करून पाहा: काही मिलिव्होल्टच्या ऑफसेटमुळेही आउटपुट हळूहळू सरकत जाऊन सॅच्युरेशनला टेकते. मात्र इनपुट शून्य असताना आदर्श इंटिग्रेटर आपली सुरुवातीची किंमत तशीच धरून ठेवतो, वाढवत नाही, म्हणून त्याला मार्जिनली स्टेबल म्हणतात. काल्पनिक अक्षावर तोच पोल दुहेरी झाला, उदाहरणार्थ `1/s²`, तर प्रणाली अस्थिरच ठरते.

प्रश्न: अभिलक्षण समीकरणाचे सर्व सहगुणक धन आहेत. एवढ्यावर प्रणाली स्थिर म्हणता येईल का?

नाही. ती अट आवश्यक आहे, पण तिसऱ्या किंवा त्याहून वरच्या घाताच्या समीकरणासाठी पुरेशी नाही. `s³ + s² + 2s + 8 = 0` मध्ये सर्व सहगुणक धन आहेत, तरीही त्याचे अवयव `(s+2)(s² − s + 4)` असे पडतात आणि दोन मुळांचा वास्तव भाग +०.५ येतो. हे उदाहरण पाठच असावे.

प्रश्न: आपल्या प्रणालीत K किती वाढवता येईल?

क्लोज्ड लूपचे अभिलक्षण समीकरण `s³ + 3s² + 2s + K = 0` आहे. राउथ सारणीच्या पहिल्या स्तंभात अनुक्रमे १, ३, `(6−K)/3` आणि K येतात, म्हणून `0 < K < 6` असेपर्यंत प्रणाली स्थिर राहते. K = ६ झाला की `s¹` ची संपूर्ण ओळ शून्य होते. अशा वेळी वरच्या ओळीवरून `3s² + 6 = 0` हे सहायक समीकरण मांडावे. त्यातून `s = ±j√2` मिळते, म्हणजे शाफ्ट सुमारे १.४१ रेडियन प्रति सेकंद या वारंवारतेने सतत डोलत राहील. ‘ओळ शून्य झाली’ एवढेच सांगून थांबू नका, त्या आंदोलनाची वारंवारता सांगा.

प्रश्न: K = २ असताना गेन मार्जिन आणि फेज मार्जिन किती?

मर्यादा ६ आहे, म्हणून गेन अजून तिप्पट करता येतो. गेन मार्जिन ३, म्हणजे सुमारे ९.५ डेसिबल. ओपन लूपचे परिमाण १ होते ते सुमारे ०.७५ रेडियन प्रति सेकंदला. तिथे फेज जवळपास −१४७ अंश असल्याने फेज मार्जिन सुमारे ३३ अंश येते.

प्रश्न: लूपमध्ये शुद्ध विलंब आला तर?

विलंब परिमाण बदलत नाही, फक्त `ωT` इतकी फेज मागे ओढतो. वरच्या उदाहरणात ३३ अंश म्हणजे सुमारे ०.५७ रेडियन, त्याला ०.७५ ने भागल्यास साधारण ०.७६ सेकंद येतात. इतक्या विलंबाने सगळे फेज मार्जिन संपते. फेज मार्जिनचा खरा अर्थ मला या आकड्यातच सर्वांत स्पष्ट दिसतो.

प्रश्न: गेन वाढवला की प्रणाली नेहमी अस्थिरतेकडेच जाते का?

नेहमी नाही. `G(s) = K/(s−1)` हा ओपन लूप अस्थिर आहे, पण क्लोज्ड लूपचा पोल `1−K` वर येतो, म्हणून इथे K एकापेक्षा जास्त असला तरच प्रणाली स्थिर होते. नायक्विस्टच्या भाषेत P = १ असल्याने आलेखाने −१ या बिंदूला घड्याळाच्या उलट दिशेने एक फेरी घालावीच लागते. घड्याळाच्या दिशेच्या फेऱ्या N मानल्या, तर `Z = P + N = 1 − 1 = 0`.

प्रश्न: उजवीकडचा पोल झिरोने कापून टाकला तर?

`(s−1)/[(s−1)(s+2)]` कागदावर `1/(s+2)` होते, पण `e^t` ने वाढणारा मोड आत तसाच राहतो. तो आउटपुटमध्ये दिसला नाही, तरी आतील एखादी अवस्था वाढत जाऊन प्रत्यक्षात अॅम्प्लिफायर सॅच्युरेट होतो. शिवाय प्रत्यक्ष घटकांच्या किमती काटेकोर जुळत नसल्याने हे कापणे कधीच पूर्ण होत नाही.