चारशेंचे पाकीट

जुन्या पारपत्राच्या मागच्या कप्प्यातून निघालेल्या पाकिटावर आजोबांच्याच अक्षरात "४०० मार्क" असे लिहिलेले होते, आणि ते अक्षर आजच्यासारखे कापरे नव्हते. नातीने पाकीट उघडून नोटा टेबलावर मांडल्या: शंभराच्या तीन निळ्या, पन्नासाची एक तपकिरी आणि दहाच्या दोन जांभळट.

"आजोबा, या आता चालत नाहीत ना?"

"नाहीत. युरो आला आणि मार्क गेला." १ जानेवारी २००२ पासून युरोच्या नोटा हातात आल्या, तेव्हा आजोबांना जर्मनी सोडून सहा वर्षे झाली होती. बदल त्यांनी वर्तमानपत्रात वाचला होता आणि पाकिटाची आठवण येऊनही ते बाहेर काढले नव्हते.

त्यांनी दहाची नोट उचलून दिव्यासमोर धरली. कागदातल्या जलचिन्हातून गणिती गाउसचा चेहरा उमटला. नोटेवर छापलेल्या त्याच्या चित्राशेजारी घंटेच्या आकाराची वक्ररेषा होती आणि तिचे सूत्रही. श्टुटगार्टच्या कारखान्यात मोजमाप विभागात बारा वर्षे काढलेल्या माणसाला ती रेषा घरच्यासारखी ओळखीची होती. दर तासाला मोजलेल्या दांड्यांचे व्यास कागदावर मांडले की हाच आकार उभा राही. चलनी नोटेवर सूत्र छापणाऱ्या देशाबद्दल त्यांना तेव्हा आदर वाटला होता, आणि थोडे हसूही आले होते.

नात एव्हाना फोनवर काहीतरी वाचत होती. "आजोबा, जर्मनीची मध्यवर्ती बँक या अजूनही बदलून देते! मुदतच नाही. टपालानेही पाठवता येतात, अर्ज भरून. एका युरोला १.९५५८३ मार्क, हा दर कायमचा ठरलेला आहे." तिने आकडे टाकले. "तीनशे सत्तर मार्कांचे १८९ युरो १८ सेंट होतात."

"किती म्हणालीस?"

"१८९ युरो…"

"मार्क किती?"

"तीनशे सत्तर."

आजोबांनी नोटा स्वतः मोजल्या. मग पाकीट उलटे करून झटकले, पारपत्राची पाने एकेक करून चाळली आणि पुन्हा मोजल्या.

हे पैसे त्यांचे नव्हतेच. १९९४ साली आई गेल्याची तार आली, तेव्हा महिनाअखेर होती आणि विमानाच्या तिकिटाला चारशे मार्क कमी पडत होते. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या तुर्की सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत ते मुकाट्याने त्यांच्या डब्याखाली सरकवून ठेवले. दोघांचेही जर्मन मोडकेच होते, त्यामुळे आभार मानणेही लांबले नाही. आजोबा परतले, तीन पगारांतून पैसे बाजूला काढले आणि पाकिटावर आकडा लिहिला. पण तोवर तो माणूस निवृत्त होऊन कायमचा गावी गेला होता. कारखान्याच्या कार्यालयात पत्ता मिळाला असता. उद्या विचारू, असे म्हणता म्हणता दोन वर्षे गेली आणि परतीचा दिवस आला.

आणि त्या दिवशी विमानतळावर लेकीसाठी घेतलेला माउथ ऑर्गन तीस मार्कांना पडला होता. खिशातले सुटे पैसे संपले होते, रांगेत मागे माणसे उभी होती, आणि हातात पारपत्र होते. घरी पोचल्यावर भरून टाकू, असे त्यांनी स्वतःला सांगितले होते. घरी पोचल्यावर मार्क कुठून आणणार, हा प्रश्न त्यांना त्या क्षणी सुचला नव्हता, किंवा त्यांनी सुचू दिला नव्हता. लेकीने तो माउथ ऑर्गन वर्षभर वाजवला. पाकीट मात्र त्यांच्या मनात इतकी वर्षे पूर्ण चारशेंचेच राहिले होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी अख्खी पेटी परत पाठवणारा माणूस तीस मार्क विसरला होता.

नातीने विचारले, "काय झाले? नोटा खोट्या आहेत का?"

"खऱ्या आहेत." त्यांनी गाउसच्या दोन्ही नोटांच्या कडा जुळवून त्या पाकिटावर ठेवल्या. "मागच्या खोलीत माझ्या कारखान्यातल्या कागदांची फाईल आहे, ती घेऊन ये. तिच्यात कार्यालयाचा पत्ता आहे. कामगाराचे नाव आणि विभाग कळवला तर कुणीतरी शोधून देईल. तो नसला तरी मुले असतील."

"आणि बँकेचा अर्ज?"

"तोही भरू. पण आधी चारशेंचे किती होतात ते सांग."

"आजोबा, आहेत तीनशे सत्तरच."

"मोजलेत मी. तू चारशेंचे सांग."

तिने पुन्हा आकडे टाकले. "२०४ युरो ५२ सेंट."

आजोबांनी पेन मागितले आणि पाकिटावरच्या जुन्या आकड्याखाली तो आकडा लिहिला.